एकाच शॉटमधलं लांब भाषण कापताना

शिमग्याच्या सभेतलं 20 मिनिटांचं भाषण एकाच शॉटमध्ये असलं की बघणारा कंटाळतो. शूटिंग 4K मध्ये करा, टाइमलाइन 1080p ठेवा. मग 200 टक्क्यांपर्यंत झूम केलं तरी चित्र फुटत नाही.

नवा मुद्दा सुरू होतो तिथेच कापा आणि पुढचा तुकडा थेट 150 टक्के करा. 110 टक्के केलात तर कॅमेऱ्याला धक्का लागल्यासारखं वाटतं.

वक्ता अडखळला ते काढून टाका आणि तो सांधा तीन-चार सेकंदांच्या कटअवेने, म्हणजे मध्येच दाखवलेल्या दुसऱ्या दृश्याने, झाका: सहाणेवरची पालखी, कान देऊन ऐकणारी आजी. भाषणाचा आवाज खालून चालूच राहू द्या.

कटअवेत वक्त्याचे ओठ मात्र दिसू देऊ नका. शब्द जुळत नाहीत हे लगेच कळतं.