उन्हात वॉच दिसतही नाही आणि संध्याकाळपर्यंत बॅटरीही टिकत नाही? ऑलवेज-ऑन डिस्प्ले असा सेट करा

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ऑलवेज-ऑन म्हणजे मनगट खाली असताना दिसणारी मंद स्क्रीन, ती मुद्दामच मंद ठेवलेली असते, त्यामुळे दुपारी बाराच्या उन्हात ती दिसेल ही अपेक्षाच चुकीची. उन्हात वाचायला हात वर केल्यावर उजळणारी स्क्रीन लागते. बऱ्याच वॉचमध्ये ब्राइटनेसचा स्लायडर मुख्यतः त्याच स्क्रीनवर चालतो, म्हणून स्लायडर फुल करून ऑलवेज-ऑनला काही फरक पडत नाही, बॅटरी मात्र जाते.

पहिलं काम, ऑटो ब्राइटनेस चालू करा. उन्हात स्वतः वाढतो, घरात कमी होतो. तरीही उन्हात अंधुक वाटलं तर शर्टाची बाही वर करून बघा, लाइट सेन्सर सहसा काचेखालीच असतो आणि बाहीखाली त्याला अंधारच दिसतो. दुसरं म्हणजे पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर मनगट थोडं फिरवा, काही वॉच एका कोनात काळेठिक्कर दिसतात, वॉच बिघडलेलं नसतं.

मग वॉच फेस. एमोलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, त्यामुळे काळ्या बॅकग्राउंडवर जाड पांढरे आकडे, सेकंद काटा नाही, फोटो तर नाहीच. बारीक आउटलाइनवाले फेस शोरूममध्ये भारी दिसतात पण उन्हात गायब होतात. फेस निवडताना त्याचं ऑलवेज-ऑनमधलं रूप वेगळं बघा, काही फेस तिथेही अर्धी स्क्रीन रंगवून ठेवतात.

टाइमआउट 15 सेकंद ठेवा, वेळ बघायला तेवढे भरपूर. अ‍ॅपल वॉचमध्ये `Display & Brightness` मध्ये `Wake Duration` असतं, तिथे 15 किंवा 70 सेकंद असे दोनच पर्याय, 70 ला हात लावू नका. टू-व्हीलर चालवताना हँडल वळवलं की स्क्रीन पेटत राहते, अशा वेळी हात वर केल्यावर उजळणं बंद करून टॅपवर ठेवलेलं बरं.

आता तुमच्या वॉचला ऑलवेज-ऑन किती महाग पडतो ते मोजा. एक दिवस 9 ते 12 चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बंद, दोन्ही दिवस जीपीएस वापरू नका नाहीतर हिशोबच बिघडतो. समजा चालू असताना 100 वरून 85 झाली आणि बंद असताना 91, म्हणजे तासाला 5 आणि 3 टक्के, फरक 2 टक्क्यांचा. जागेपणाचे 16 तास धरले तर एकट्या ऑलवेज-ऑनमुळे 32 टक्के गेले, एकूण 80 टक्के, आणि रात्री हातात उरले 20. त्यात झोप ट्रॅक करायची असेल तर सकाळी वॉच मेलेलं असणार. मी तरी ऑलवेज-ऑन फक्त राइड किंवा वॉकच्या तासाभरासाठी चालू करतो, क्विक सेटिंग्जमध्ये त्याचं बटण असेल तर वर आणून ठेवा.