शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसभर भुंकतो? चिठ्ठी कशी लिहावी

लातूरच्या एका रो-हाऊसच्या गल्लीतलं उदाहरण घेऊ. शेजारचे दादा आणि वहिनी दोघंही नोकरी करतात. सकाळी साडेनऊला दोन गाड्या बाहेर पडतात आणि शेरू पोर्चमध्ये साखळीला राहतो. इकडे भिंतीपलीकडे मुलगी नीटची तयारी करते आणि आईला दुपारी डोळा लागत नाही. संध्याकाळी दादा घरी येतात तेव्हा शेरू शेपटी हलवत शांत बसलेला असतो. दिवसभर तो भुंकतो, हे त्यांना खरोखरच माहीत नसतं. चिठ्ठी लिहायची ती हे गृहीत धरून.

आधी वेळा टिपा

चार दिवस एका वहीत एवढंच लिहा: भुंकणं कधी सुरू झालं, कधी थांबलं आणि त्या वेळी बाहेर काय चाललं होतं. यातला एक दिवस रविवारचा असू द्या, म्हणजे मालक घरी असताना काय होतं तेही कळेल.

आपल्या उदाहरणात वहीतून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. सकाळी दहा ते बारा शेरू थांबून थांबून भुंकत होता: घंटागाडी, भाजीवाला, शाळेची रिक्षा, गल्लीतली मोकाट कुत्री. गेटच्या गजांतून त्याला सगळं दिसतं, तो भुंकतो आणि माणूस पुढे निघून जातो. आपण भुंकलो म्हणूनच तो गेला, असं कुत्र्याला वाटतं आणि सवय पक्की होत जाते. दुपारी अडीच ते पाच मात्र गल्लीत चिटपाखरू नसताना एकाच सुरात भुंकणं चालू होतं. पोर्च पश्चिमेकडे तोंड करून आहे. अडीचनंतर फरशीवर ऊन येतं, वरचा पत्रा तापतो आणि आखूड साखळीमुळे शेरूला सावलीकडे सरकता येत नाही. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हा त्रास किती असेल, ते वेगळं सांगायला नको.

कारण सापडलं की उपायही सापडतो. नुसतं 'कुत्रा फार भुंकतो' असं लिहिलं तर समोरच्याच्या हाती तक्रारीशिवाय काही लागत नाही.

मग चिठ्ठी

एका पानात मावेल एवढीच आणि हाताने लिहिलेली:

> स. न. वि. वि.
>
> दादा, वहिनी,
>
> आपण कामावर गेल्यावर शेरू बराच वेळ भुंकतो. आपण घरी नसता, त्यामुळे हे कदाचित लक्षात आलं नसेल, म्हणून कळवतो. सकाळी दहा ते बारा गेटसमोरून कुणी गेलं की भुंकतो आणि दुपारी अडीच ते पाच जवळजवळ न थांबता. दुपारी त्याच्या जागेवर ऊन येतं, ते आमच्या जिन्यातून दिसतं. त्यालाही त्रास होत असावा.
>
> मुलगी दुपारी घरीच अभ्यास करते आणि आईची झोप होत नाही.
>
> मला असं सुचतं की गेटला खालून चार फूट आणि पोर्चच्या उन्हाच्या बाजूला शेडनेट बांधू. नेट मी आणतो, रविवारी आपण दोघं मिळून बांधू. शेरूला सावलीपर्यंत जाता येईल एवढी मोकळीक आपण द्यावी. आपली हरकत नसेल तर दुपारी एकला आई त्याच्या भांड्यात गार पाणी भरत जाईल. दोन आठवडे करून पाहू. आपल्याला दुसरं काही बरं वाटत असेल तर तसं करू.
>
> रविवारी सकाळी चहाला या, तेव्हा बोलू.
>
> आपला शेजारी

यात वेळा आहेत, पण 'रोज', 'नेहमी', 'किती दिवस सहन करायचं' असलं काही नाही. त्रास दोन ओळींत संपतो आणि पुढचं सगळं कामाचं आहे. प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतं: नेट आपलं, मोकळीक त्यांची, पाणी आईचं. खर्च आपण उचलला तर बरं, कारण शेडनेट कृषी सेवा केंद्रात मिळतं आणि दोन-चार मीटरला फार पैसे पडत नाहीत. 'आपली हरकत नसेल तर' हे शब्द गाळू नका, कारण गेट त्यांचं आहे आणि कुत्राही त्यांचाच.

कायद्याचा उल्लेख चिठ्ठीत नको. कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये बसतं, हे खरं आहे. पण ती ओळ लिहिली की चिठ्ठीची नोटीस होते आणि चहाला कुणी येत नाही.

चिठ्ठी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका आणि गेटला अडकवूनही ठेवू नका. दादा घरी येऊन हातपाय धुऊन जरा टेकले की जा, हातात द्या, 'निवांत वाचा' म्हणा आणि परत या. उत्तर तिथेच मागू नका.

ठरलं तर असं करा

नेट दाट घ्या, 75 टक्के किंवा जास्त सावलीचं. गेटला दुहेरी लावा, नाहीतर आरपार दिसतंच. बांधणी बाहेरच्या बाजूने करा, आतल्या तारा आणि दोऱ्या कुत्रा चावतो. वरचा भाग उघडा ठेवा, वारा खेळला पाहिजे.

आईने पहिल्याच दुपारी एकटीने आत जाऊ नये. आधी काही संध्याकाळी दादा समोर असताना जावं आणि त्यांना विचारून साध्या भाकरीचा तुकडा द्यावा. तुकडा भुंकणं थांबल्यावरच द्यायचा, भले ते दोन-चार सेकंद थांबलेलं असो. भुंकत असताना दिला तर भुंकल्यावर भाकरी मिळते, हेच तो शिकेल. कांदा-लसूण घातलेलं कालवण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको, ते कुत्र्याला बाधतं. भिंतीवरून 'ए गप!' असं ओरडणंही सगळ्यांनी बंद करावं. त्याला वाटतं, आपणही त्याच्यासोबत भुंकतोय.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वही काढा आणि त्याच वेळा टिपा. दुपारचं भुंकणं सहसा आधी कमी होतं, कारण सावली आणि पाणी लगेच मिळतं. गेटवरची सवय हळूहळू जाते. सकाळी दादा त्याला अर्धा तास फिरवून आणत असतील तर फरक लवकर दिसतो, पण ही सूचना चिठ्ठीत नको, चहाच्या वेळी करा.

काहीच फरक पडला नाही तर एक गोष्ट बघा. गाडी कोपऱ्यावरून वळताच तो भुंकायला, रडायला लागतो का? दार ओरबाडतो का, लाळ गाळतो का? तसं असेल तर त्याला एकटेपणा सहन होत नाही आणि नेटने ते जाणार नाही. म्हातारा कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल तर दुखणंही असू शकतं. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्यावं लागतं. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दादांना सुट्टी मिळत नसेल तर वही बरोबर घेऊन तुम्हीच गाडी काढा. किती वाजता, किती वेळ आणि कशामुळे, हे डॉक्टर आधी विचारतील.