क्लाउडच्या बिलावर रोजची नजर: महिनाअखेरचा आकडा बारा तारखेला कसा ओळखायचा

नवीन मुलं क्लाउड टीममध्ये रुजू झाली की आमच्याकडे त्यांना पहिलं काम बिल बघण्याचं देतात. काम कंटाळवाणं वाटतं, पण सिस्टिममध्ये काय चाललंय हे त्यातून जितक्या लवकर कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. मी मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत हे बघतो. आमचं सगळं एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये असल्यामुळे उदाहरणंही तिथलीच देतो.

बहुतेक ठिकाणी बजेटवर ऐंशी टक्क्यांचा अलर्ट लावलेला असतो आणि सगळे निश्चिंत असतात. तो अलर्ट खोटं बोलत नाही, फक्त उशिरा बोलतो. कसा ते आकड्यांत बघू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतलेत.

महिना तीस दिवसांचा, बजेट 3000 डॉलर. एक तारखेला 420 डॉलर एकरकमी लागतात, कारण आधीच करार करून घेतलेल्या सर्व्हरची, म्हणजे रिझर्व्ह्ड इन्स्टन्सची मासिक फी पहिल्याच दिवशी दिसते. बाकीचा खर्च रोज 80 डॉलर. म्हणजे महिन्याचे 2820, बजेटच्या आत. आता नऊ तारखेपासून रोजचा खर्च 80 वरून 104 झाला असं समजा. बजेटचे ऐंशी टक्के म्हणजे 2400 डॉलर. तो टप्पा एकवीस तारखेला ओलांडला जातो आणि अलर्ट हातात पडतो बावीसला. त्याच दिवशी दुरुस्ती करून तेवीसपासून खर्च पुन्हा 80 वर आणला, तरी महिना 3156 वर संपतो. अलर्ट आला तेव्हाच बजेट हातातून गेलेलं होतं.

म्हणून झालेल्या खर्चापेक्षा पुढचा अंदाज बघायचा. इथे नवखा माणूस सरळ त्रैराशिक मांडतो: आजवरचा खर्च भागिले दिवस, गुणिले तीस. हे केलंत तर दोन तारखेचा अंदाज 8700 डॉलर येईल, कारण 420 ची एकरकमी फी तुम्ही रोजच्या खर्चात धरून पंधरापट केलीत. दर महिन्याच्या सुरुवातीला असा बोंबाबोंबीचा मेसेज आला की चौथ्या महिन्यात लोक तो ग्रुपच म्यूट करतात, आणि मग खरा अलर्टही कोणी वाचत नाही.

एकरकमी रक्कम आधी बाजूला काढा. उरलेल्या खर्चाचा अकरा तारखेपर्यंतचा हिशेब असा: आठ दिवस 80 प्रमाणे 640, तीन दिवस 104 प्रमाणे 312, एकूण 952. अकरा दिवसांची सरासरी साधारण साडेशहाऐंशी. उरलेल्या एकोणीस दिवसांना ती लावली तर महिना 3016 वर जातो. बजेटपेक्षा सोळा डॉलर जास्त, कोण बघतंय! पण शेवटच्या तीन दिवसांचा वेग धरला तर 420 अधिक 952 अधिक एकोणीस गुणिले 104, म्हणजे 3348. पूर्ण महिन्याची सरासरी नवी वाढ जुन्या स्वस्त दिवसांत विरघळवून टाकते. म्हणून मी दोन्ही अंदाज शेजारी शेजारी ठेवतो. दोघांत अंतर पडायला लागलं की काहीतरी बदललंय हे नक्की. फक्त तीन दिवसांच्या वेगात शनिवार-रविवार आले तर फसगत होते. त्यासाठी मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी तुलना करा.

आकडे मिळवायला एवढी कमांड पुरते:

```
aws ce get-cost-and-usage \
  --time-period Start=2025-09-01,End=2025-09-12 \
  --granularity DAILY --metrics UnblendedCost \
  --filter '{"Not":{"Dimensions":{"Key":"RECORD_TYPE",
    "Values":["Credit","Refund"]}}}' \
  --group-by Type=DIMENSION,Key=SERVICE
```

यात `End` ची तारीख धरली जात नाही, त्यामुळे वरच्या कमांडला अकरा तारखेपर्यंतचाच खर्च मिळतो. ही कमांड बारा तारखेला दुपारी चालवायची. एडब्ल्यूएसचा दिवस यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, आणि त्यानंतरही आदल्या दिवसाचे आकडे काही तास भरत राहतात. सकाळी लोकलमध्ये मोबाइलवर बघाल तर कालचा खर्च घसरलेला दिसेल. ती बचत नसते, अपुरा डेटा असतो. क्रेडिट आणि रिफंड गाळलेत तेही मुद्दाम. स्टार्टअपला मिळालेली क्रेडिट्स चालू असतात तोवर बिल शून्य दिसतं आणि ती संपली की एकदम धक्का बसतो. आणि हो, या चौकशीच्या प्रत्येक रिक्वेस्टला एक सेंट पडतो. दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवली तर महिन्याला शहाऐंशी डॉलर फक्त खर्च मोजण्यात जातील. दिवसातून एकदा बस.

आता रोजचे ते 24 डॉलर आले कुठून? आमच्याकडे असंच झालं होतं तेव्हा बारा तारखेला दुपारी ग्रुपवर मेसेज पडला:

«आजवर 1372. महिन्याच्या सरासरीने 3016, तीन दिवसांच्या वेगाने 3348. बजेट 3000. वाढ: EC2-Other.»

लीडने विचारलं, «अरे, सर्व्हर तर तेवढेच आहेत ना? मग हे काय वाढलंय?» प्रश्न रास्त होता. `EC2-Other` मध्ये सर्व्हरचं भाडं नसतंच. त्यात डिस्क, स्नॅपशॉट, डेटा ट्रान्सफर, प्रायव्हेट नेटवर्कमधल्या सर्व्हरना बाहेर पोचवणारा नॅट गेटवे असा सगळा किरकोळ माल एकत्र येतो. म्हणून पुढची पायरी म्हणजे कमांडमध्ये `SERVICE` च्या जागी `USAGE_TYPE` टाकायचं. ते केल्यावर `APS3-NatGateway-Bytes` ही ओळ वर आली. `APS3` ही मुंबई रीजनची खूण. नॅट गेटवेतून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला इथे साडेपाच सेंटच्या आसपास पडतात, तेव्हा 24 डॉलर म्हणजे रोजचे चारशेहून जास्त जीबी.

वाढ सुरू झाल्याची तारीख हाताशी असली की डिप्लॉयमेंटची यादी उघडायची. आठ तारखेच्या संध्याकाळी फोटो लहान करणारी एक नवी सर्व्हिस नव्या प्रायव्हेट सबनेटमध्ये चढली होती आणि ती मूळ फोटो एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सर्व्हिसमधून खेचत होती. जुन्या सबनेटना एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे नॅटला वळसा घालून थेट एस-थ्रीकडे नेणारा रस्ता, जोडलेला होता, नव्या सबनेटच्या राउट टेबलला नव्हता. त्यामुळे सगळा माल नॅटच्या टोलनाक्यावरून फिरत होता. एस-थ्रीच्या गेटवे एंडपॉइंटला वेगळा आकार नाही. तेरा तारखेला संध्याकाळी तो राउट टेबलला जोडला, चौदापासून खर्च पुन्हा 80 वर आला आणि महिना 2940 वर बसला.

एडब्ल्यूएस बजेट्समध्ये अंदाजावरचा अलर्ट तयार मिळतो, तोही जरूर लावा. पण त्याला अंदाज बांधायला साधारण पाच आठवड्यांचा डेटा लागतो, म्हणून नव्या अकाउंटवर तो गप्प राहतो. शिवाय अलर्ट नुसता सांगतो, खर्च थांबवत नाही.

मेसेज कधी पाठवायचा याचा माझा नियम: तीन दिवसांच्या वेगाचा अंदाज सलग दोन दिवस बजेटच्या वर राहिला तरच सगळ्यांना, एकच दिवस गेला तर फक्त मला. आणि मेसेजमध्ये कोणती सर्व्हिस वाढली ते असलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. वाढ दिसली म्हणून लगेच बिघाड समजू नका. सणासुदीला ऑर्डरी वाढल्या तर खर्चही वाढणारच. तेव्हा दर ऑर्डरमागचा खर्च बघायचा आणि फायनान्सकडून बजेट वाढवून घ्यायचं.

फायनान्सशी बोलताना एक गोष्ट आधीच विचारून घ्या: त्यांचं रुपयांतलं बजेट जीएसटी धरून आहे की सोडून? कॉस्ट एक्सप्लोररमध्ये डॉलर दिसतात, भारतातलं बिल रुपयांतही येऊ शकतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी बसतो. शिवाय महिना संपला की लगेच हिशेब मिटवू नका. शेवटच्या दिवसांचे आकडे पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत हलत असतात. मी आधीच्या महिन्याची शीट अंतिम इन्व्हॉइस हातात येईपर्यंत उघडीच ठेवतो.