परीक्षेला सहा आठवडे उरलेत आणि पोर्शन डोंगराएवढा? तारखेपासून उलटं मोजा

जानेवारी लागला की बारावी सायन्सवाली मुलं टाइमटेबल करायला बसतात आणि आजपासून पुढे भरत जातात, पहिला चॅप्टर सोमवारी, दुसरा मंगळवारी, आणि शेवटचे चॅप्टर कुठेच बसत नाहीत. त्यापेक्षा कॅलेंडर घ्या, पेपरच्या तारखेवर गोल करा आणि तिथून मागे या.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. शेवटचे ७ फक्त रिव्हिजनचे, त्यात नवीन काही नाही. त्याआधीचे ७ घड्याळ लावून तीन तासांचे पेपर सोडवायचे. उरले २८. त्यातले ४ रविवार मोकळे ठेवा, राहिलेलं भरून काढायला. प्रॅक्टिकल आणि घरचं काही असेल, आंगणेवाडीची जत्रा म्हणा किंवा कुणाचं लग्न, त्याचे ३ दिवस आत्ताच खोडा. हातात २१ दिवस. कॉलेज आणि एसटीचा प्रवास धरून रोज दोन-दोन तासांच्या दोनच बैठका होतात, म्हणजे ४२ बैठका, चार विषयांना प्रत्येकी १०, उरलेल्या दोन भाषांना.

आता फिजिक्स बघू. चॅप्टर १६, बैठका १०. पहिल्या रविवारी प्रत्येक चॅप्टरचा जुन्या पेपरातला एक तीन मार्कांचा प्रश्न पुस्तक न बघता दहा मिनिटांत सोडवा. पूर्ण आला तर 'येतो', मध्येच अडकलात तर 'अर्धा', सुरुवातच जमली नाही तर 'कोरा'. 'वाचलंय मी' याला काही अर्थ नाही, सुटतं का तेवढंच बघा.

समजा ६ येतात, ५ अर्धे, ५ कोरे निघाले. येणारे तीन-तीन करून २ बैठकांत, अर्ध्यांना प्रत्येकी एक म्हणजे ५. राहिल्या ३. कोऱ्यातला एकच निवडा, सेमीकंडक्टरसारखा आटोपशीर, त्याला २ द्या. उरलेल्या चार चॅप्टरांना मिळून एकच बैठक, त्यात फक्त व्याख्या, सूत्रं, एकक.

हे चालतं कारण ७० मार्कांच्या पेपरात दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीनचे बारापैकी आठ आणि चारचे पाचपैकी तीन सोडवायचे असतात, म्हणजे मोठे प्रश्न सोडता येतात. पण एमसीक्यूचे १० आणि एका वाक्याचे ८ मार्क सगळ्यांना कंपल्सरी, ते कुठल्याही चॅप्टरमधून येतात, म्हणून चॅप्टर साफ सोडून देऊ नका हो, निदान सूत्रं तरी करा. आणि दोनच चॅप्टर ऑप्शनला टाकून बाकीचे नीट आलेत असं समजू नका, सोडवून बघा.

दर शनिवारी रात्री मोजा. दोन बैठका मागे असाल तर रविवारी भरून निघतील. त्याहून जास्त मागे पडलात तर कोऱ्या चॅप्टरच्या बैठका कापा, शेवटच्या १४ दिवसांना मात्र हात लावायचा नाही, कारण वेळेत पेपर पूर्ण होतो की नाही हे तिथेच कळतं.