गुणाकार बरोबर, क्रम उलटा

प्रॅक्टिकलला 100 ओहमचा रोध सिरीजमध्ये आणि त्यापुढे 50 ओहमचा आडवा, म्हणजे शंट, जोडला होता. इनपुटचे व्होल्टेज आणि करंट आउटपुटच्या व्होल्टेज-करंटशी जोडणाऱ्या ABCD मॅट्रिक्स, प्रत्येक रोधाची एक, गुणून आलेल्या उत्तरात A = 1. म्हणजे आउटपुट उघडं ठेवलं की 9 व्होल्टचे 9 व्होल्टच मिळायला हवेत. मीटर मात्र 3 व्होल्ट दाखवत होता.

आधी डिटरमिनंट, म्हणजे AD − BC, तपासला, तो हवा तसा 1 आला, म्हणून मी गुणाकारावर विश्वास ठेवला आणि तासभर जोडण्याच हलवत बसलो. खरं तर मॅट्रिक्स उलट्या क्रमाने गुणल्या तरी डिटरमिनंट तेवढाच राहतो. ती चूक त्यात दिसतच नाही.

मी शंटची मॅट्रिक्स आधी लिहिली होती. सोर्सकडचं नेटवर्क डावीकडे हवं:

```
[1 100] [1    0]   [3    100]
[0   1] [0.02 1] = [0.02   1]
```

आता A = 3, म्हणजे 9/3 = 3 व्होल्ट. मीटरशी जुळलं. आता मी A आधी व्होल्टेज डिव्हायडरने पडताळतो: (100+50)/50 = 3. आणि I2 हा करंट दुसऱ्या, म्हणजे आउटपुटच्या, पोर्टमधून बाहेर जाणारा धरतो. तोच पुढच्या नेटवर्कचा इनपुट करंट I1 होतो, म्हणून तर नुसता गुणाकार चालतो.