हॅमिंग कोडचा डीकोडर जोडताना या चुका टाळा

चार बिटांचा मेमरी वर्ड, त्याला तीन पॅरिटी बिटं, म्हणजे एकूण सात. कागदावर हे गणित बहुतेकांना जमतं. ब्रेडबोर्डवर मात्र दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. पुढे सगळीकडे मी हीच मांडणी धरली आहे: १, २, ४ या जागांवर पॅरिटी आणि ३, ५, ६, ७ या जागांवर डेटा.

```
p1 = d3^d5^d7    s1 = p1^d3^d5^d7
p2 = d3^d6^d7    s2 = p2^d3^d6^d7
p4 = d5^d6^d7    s4 = p4^d5^d6^d7
```

डावीकडचा एन्कोडर, उजवीकडचा सिंड्रोम, म्हणजे बिघडलेल्या एका बिटाची जागा सांगणारा आकडा. सिंड्रोममध्ये पॅरिटी बिट स्वतःही धरावं लागतं. ते विसरलात तर बहुतेक शब्दांना बिघाड नसतानाही सिंड्रोम शून्य येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे सिंड्रोमच्या तारांची उलटापालट. 74138 या डीकोडर आयसीमध्ये पिन १ वरचा A सगळ्यात हलका आणि पिन ३ वरचा C सगळ्यात जड. म्हणून S1 जातो A ला आणि S4 जातो C ला. पुष्कळ जण डावीकडून उजवीकडे लिहिलेलं S4 S2 S1 बघतात आणि त्याच क्रमाने A, B, C ला जोडतात.

फोंड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात प्रोजेक्टच्या परीक्षेला गेलो होतो. दोघा मुलांनी जोडणी नीटनेटकी केली होती. "सर, कुठलंही बिट बिघडवा, सर्किट ते दुरुस्त करतं," म्हणाले. त्यांनी पाचवं उलटवून दाखवलं, मग सातवं. दोन्ही वेळा डेटा बरोबर आला. मी म्हटलं, आता सहावं उलटवा रे.

डेटा 1011 होता, म्हणजे साठवलेला शब्द 0110011. सहावं बिट उलटल्यावर तो 0110001 झाला. S4 S2 S1 आले 110, म्हणजे सहा. गणित बरोबर होतं. पण तारा उलट्या असल्यामुळे 74138 ने ते 011 वाचलं आणि तिसरं बिट फिरवलं. सहावं चुकीचंच राहिलं, तिसरं नव्याने बिघडलं आणि बाहेर आलं 0001. मुलं लगेच आयसी बदलायला निघाली. आयसीचा त्यात काही दोष नव्हता.

पाच म्हणजे 101 आणि सात म्हणजे 111, उलट वाचले तरी तेच. १ आणि ४ यांची अदलाबदल होते, पण ती पॅरिटी बिटं असल्याने डेटाला धक्का लागत नाही. म्हणजे सातपैकी फक्त ३ आणि ६ या दोनच जागा ही चूक उघडी पाडतात, आणि घाईत तपासणारा नेमका त्या सोडतो. मी तारांना S1, S2, S3 अशी नावं देऊच देत नाही. S1, S2, S4 असं वजनानेच लिहायचं आणि S4 ची तार लाल ठेवायची. तपासणी सुरू करायची ती सहाव्या बिटापासून.

दुसरी नेहमीची चूकही 74138 चीच. त्याचे आउटपुट उलटे असतात: निवडलेली ओळ 0, बाकीच्या सगळ्या 1. त्या ओळी थेट दुरुस्तीच्या XOR गेटांना, म्हणजे 7486 ला, दिल्या तर चांगली बिटं उलटतात आणि बिघडलेलं तसंच राहतं. परिणामी दर वेळी खऱ्या शब्दाचा नेमका उलटा शब्द बाहेर पडतो. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका. Y3, Y5, Y6, Y7 यांच्यापुढे 7404 चे चार इन्व्हर्टर लावा. एन्कोडरच्या बाजूला डेटा उलटा भरून आकडे जुळवणारेही मी पाहिलेत. तो शॉर्टकट मला मान्य नाही, कारण मग मेमरीत उलटा डेटा राहतो आणि पुढे ती तपासणारा फसतो.

74138 च्या पिन ४ आणि ५ जमिनीला, पिन ६ पाच व्होल्टला. मोकळी टीटीएल पिन बहुधा 1 सारखी वागते, त्यामुळे ४ किंवा ५ सुटली की डीकोडर बंदच पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने ब्रेडबोर्डच्या क्लिपा गंजतात, तेव्हा तार खोचलेली दिसली तरी मीटर लावून बघा.

फक्त 0000 वर तपासू नका. सोळा शब्द, प्रत्येकाला एक बिघाड नसलेली आणि सात बिघाडाच्या, अशा १२८ नोंदी होतात. एका दुपारचं काम आहे, ते करा.

आणि दोन बिटं बिघडली तर या सर्किटकडून काही अपेक्षा ठेवू नका. ३ आणि ५ एकदम उलटली तर सिंड्रोम सहा येतो आणि चांगलं असलेलं सहावंही फिरतं. दोन बिघाड निदान ओळखायचे असतील तर संपूर्ण शब्दाची पॅरिटी धरणारं आठवं बिट लागतं. सिंड्रोम शून्य नाही, पण आठ बिटांची पॅरिटी जुळते, असं दिसलं की दुरुस्ती थांबवायची. शिवाय वाचताना दुरुस्त झालेला शब्द मेमरीत परत लिहायला विसरू नका. नाहीतर पहिला बिघाड आत तसाच राहतो आणि त्याच शब्दात दुसरा झाला की दोन होतात.