वेगळ्या धर्मातल्या दोघांचं रजिस्टर लग्न: नोटिशीपासून प्रमाणपत्रापर्यंत

दोघांचे धर्म वेगळे आहेत आणि कुणालाच आपला धर्म बदलायचा नाही, तर भारतात सरळ मार्ग आहे तो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण यात कोर्टाचा संबंध नसतो. लग्न लावतो तो जिल्ह्याचा विवाह अधिकारी, आणि महाराष्ट्रात त्याचं काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अखत्यारीत येतं. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते ती आधीच लागलेल्या लग्नाची नोंद. तिथे जाऊन तुमचं लग्न लागणार नाही.

आणखी एक सल्ला सर्रास मिळतो: "आधी निकाह करा किंवा फेरे घ्या, मग रजिस्टर करा, म्हणजे तीस दिवस थांबावं लागत नाही." हा सल्ला साफ चुकीचा आहे. दुसऱ्या पद्धतीनं लागलेलं लग्न याच कायद्याच्या कलम १५ खाली नोंदवता येतं, पण त्यासाठीही जाहीर नोटीस आणि तीस दिवस लागतातच. शिवाय हिंदू विवाह कायद्याखाली वधू-वर दोघंही हिंदू असावे लागतात (त्यात बौद्ध, जैन, शीखही धरले जातात). एक जण ख्रिश्चन किंवा मुस्लिम असताना नुसते फेरे घेतले, तर त्या कायद्याखाली ते लग्न टिकत नाही. कागद हातात असतो आणि लग्न मात्र नसतं.

कागद

वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं. मुलाचं वय २१ पूर्ण, मुलीचं १८ पूर्ण. घरून विरोध असेल तर मूळ कागद घरच्यांच्या ताब्यात जाण्याआधी आपल्याजवळ ठेवा. जन्माचा दाखला जिथे जन्माची नोंद झाली त्या कार्यालयातून पुन्हा काढता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून तो आधीच मागवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी असेल, तर ती नोटिशीआधी दुरुस्त करून घ्या. नोटीस लागल्यावर ही तफावत हरकत घेणाऱ्याच्या हाती आयतीच सापडते.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी, आणि त्यावरच्या अपिलाची मुदत उलटलेली हवी. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीवर किंवा पंचांसमोरच्या सोडचिठ्ठीवर विसंबून नोटीस देऊ नका. टिकू शकणाऱ्या मोजक्या हरकतींपैकी एक नेमकी इथूनच येते.

नोटीस कुठे द्यायची

गाडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून हे एका जोडप्याच्या उदाहरणानं पाहू. मुलगा पुण्याचा, जन्मापासून तिथेच राहणारा. मुलगी सांगलीची, नोकरीसाठी पुण्यात भाड्यानं राहते, आधारवर पत्ता सांगलीचा.

कायदा म्हणतो, नोटीस अशा जिल्ह्यात द्यायची जिथे दोघांपैकी निदान एक जण नोटिशीच्या आधी सलग किमान तीस दिवस राहत आहे. निदान एक. दोघांनीही तीस दिवस राहायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलगा पुण्याचाच असल्यामुळे या जोडप्याला पुण्यात नोटीस देता येते आणि मुलीच्या भाडेकराराची वाट पाहायची गरज नाही. दोघंही बाहेरचे असते तर मात्र एकाचा तरी नोंदणीकृत भाडेकरार लागला असता आणि त्या पत्त्यावर खरोखर राहून तीस दिवस पूर्ण करावे लागले असते. मित्राच्या घराचा पत्ता उसना घेऊ नका. तिथे कुणी चौकशी केली आणि शेजाऱ्यांनी "इथे असं कुणी राहत नाही" म्हटलं, की सगळी नोटीसच संशयात येते.

आता अडचणीचा भाग. नोटिशीच्या नमुन्यात राहण्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे वेगळे रकाने असतात. दोघांपैकी एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस सांगलीतही लागणार. "कुणाला कळणार नाही" असं सांगणाऱ्यांना हे कलम माहीतच नसतं, आणि मुलीच्या घरी बातमी पोचते ती बहुधा याच फलकावरून.

यावर दोनच प्रामाणिक पर्याय आहेत. मुलगी खरोखर वर्षानुवर्षं पुण्यातच राहत असेल आणि सांगलीला परत जायचं नसेल, तर नोटिशीच्या बऱ्याच आधी आधार, मतदार ओळखपत्र आणि बँकेचा पत्ता पुण्याचा करून घ्यावा आणि मग तोच कायमचा पत्ता लिहावा. ती अजून आईवडिलांकडेच राहत असेल, तर सांगलीत प्रत लागणार हे धरूनच बेत आखावा: नोटीस देण्याच्या दिवसापासून ती सुरक्षित ठिकाणी असली पाहिजे. कायमचा पत्ता लपवणं हा तिसरा पर्याय नव्हे. साक्षीदारांसह करायच्या घोषणापत्रात खोटी माहिती देणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यातून विरोधकांना आयतं हत्यार मिळतं.

नोटिशीची प्रत घरच्या पत्त्यावर पाठवायची किंवा पोलिसांकरवी घरी चौकशी करायची, असं मात्र या कायद्यात कुठेच नाही. कायदा सांगतो तो नोटीस-वहीतली नोंद आणि कार्यालयातला फलक. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये नोटिसा घरी पाठवण्याची पद्धत चुकीची ठरवली होती. कुणी घरी पत्र पाठवायचं म्हणालं, तर कोणत्या कलमाखाली पाठवणार ते लेखी मागा.

दोन घड्याळं

नोटिशीनंतर दोन मुदती चालू होतात आणि त्या एकाच दिवशी सुरू होतात असं नाही. हरकतीचे तीस दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजायचे. लग्न लावायचे तीन महिने मात्र नोटीस दिल्याच्या तारखेपासून.

समजा या जोडप्यानं १२ मे रोजी नोटीस दिली आणि ती त्याच दिवशी फलकावर लागली. हरकतीची मुदत ११ जूनला संपते आणि १२ जूनपासून लग्न लावता येतं. पण कागदातल्या एखाद्या त्रुटीमुळे नोटीस २० मे रोजी लागली, तर लग्न २० जूनच्या आधी होत नाही. दोन्ही बाबतीत शेवटची मर्यादा तीच राहते: १२ ऑगस्ट. तोवर लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, पुन्हा तीस दिवसांसकट.

म्हणून प्रसिद्धीची तारीख तोंडी ऐकून घरी येऊ नका. विवाह नोटीस-वही कुणालाही कामाच्या वेळेत विनाशुल्क पाहता येते. ती पाहा, तारीख टिपून घ्या. हरकत आली असेल तर तीही त्याच वहीत नोंदलेली असते. नोटीस संकेतस्थळावर दिसते का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या, कारण तिथून नावं-फोटो उचलून समाजमाध्यमांवर फिरवण्याचे प्रकार झाले आहेत. याच कारणामुळे केरळ सरकारनं २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणं थांबवलं.

"अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटीस लागतच नाही" हेही ऐकायला मिळतं. त्या न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्धी ऐच्छिक ठरवली हे खरं. पण तो निकाल महाराष्ट्रातल्या विवाह अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. त्याच्या भरवशावर हॉल बुक करू नका.

हरकत आली तर

हरकत कुणीही घेऊ शकतं. पण ती टिकायला कलम ४ च्या अटींपैकी एक तरी मोडली जात असली पाहिजे: आधीचा जोडीदार हयात आहे आणि ते लग्न टिकून आहे, वय कमी आहे, मानसिक अवस्थेमुळे संमती देता येत नाही, किंवा दोघं निषिद्ध नात्यातले आहेत. एवढंच. आईवडिलांची संमती नाही, धर्म वेगळा आहे, समाजात बदनामी होईल, मुलीला फूस लावली आहे, यातलं काहीही या यादीत बसत नाही.

हरकत वहीत लिहून घ्यावी लागते आणि तिच्यावर हरकत घेणाऱ्याची किंवा त्याच्या वतीनं सही लागते. निनावी फोन म्हणजे हरकत नव्हे. ऑफिसाबाहेर जमलेला घोळकाही नव्हे. अशा वेळी "जरा थांबू या, वातावरण निवळू द्या" असं ऐकवलं गेलं तर एका पानाचा अर्ज द्या: वहीत सहीची हरकत आहे का, असल्यास कलम ४ च्या कोणत्या अटीखाली, आणि नसल्यास लग्नाची तारीख द्यावी. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. तोंडी विनवण्यांपेक्षा हा शिक्क्याचा कागद जास्त कामाला येतो.

खरी हरकत असेल तर विवाह अधिकाऱ्यानं तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. वयाची हरकत असेल तर जन्माचा दाखला, आधीच्या लग्नाची असेल तर हुकूमनामा, अशी नेमकी तीच कागदपत्रं द्या. धर्मावर वाद घालत बसू नका, तिथे तो मुद्दाच नाही. हरकत मान्य झाली तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि अपील केलं असेल तर त्याच्या निकालापासून नवे तीन महिने मिळतात. हरकत फेटाळली गेली तर मात्र जास्तीची मुदत मिळत नाही. वरच्या उदाहरणात नोटीस २० मे रोजी लागली, १८ जूनला हरकत आली आणि १८ जुलैला फेटाळली गेली, तर हातात २५ दिवस उरतात. तारीख त्याच दिवशी मागा. हरकत वाजवी नव्हती आणि सद्भावनेनं घेतलेली नव्हती असं अधिकाऱ्याला आढळलं, तर तो हरकत घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत खर्च द्यायला लावू शकतो.

या काळात घरचे बहुधा पोलिसांत बेपत्ता असल्याची तक्रार देतात. मुलीनं आधीच जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या सहीचा अर्ज द्यावा: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं राहत आहे, अमुक तारखेला लग्नाची नोटीस दिली आहे. सोबत वयाचा दाखला. जिवाला धोका असेल तर तेही त्यातच लिहावं आणि संरक्षण मागावं. शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

लग्नाचा दिवस

दोघं आणि तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हजर राहतात, घोषणापत्रावर सह्या करतात, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य समजेल त्या भाषेत म्हणतात, आणि प्रमाणपत्रावर सह्या होतात. साक्षीदार चौथा एक जास्तीचा सांगून ठेवा.

सही करण्याआधी मालमत्तेचं एक कलम समजून घ्या. एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीनं या कायद्याखाली दुसऱ्या धर्मातल्या जोडीदाराशी लग्न केलं, तर ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. तिचा हिस्सा बुडत नाही. पण पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो, म्हणून वडिलोपार्जित जमीन असेल तर वकिलाला लग्नाआधीच विचारा.

प्रमाणपत्र हातात घेतल्यावर तिथेच टेबलापाशी नावांची अक्षरं, जन्मतारखा आणि पत्ते वाचून घ्या. प्रमाणित प्रतींची मागणीही त्याच वेळी करा, कारण पासपोर्ट, बँक आणि पोलीस ठाणे तिघेही प्रत मागतात.